४० मिलिमीटरच्या बेअरिंगची सीट आणि शोल्डर: पहिल्यांदा शाफ्टचं ड्रॉइंग करणाऱ्यासाठी

पहिल्या नोकरीत मी जे पहिलं शाफ्टचं ड्रॉइंग काढलं, त्यात बेअरिंगच्या सीटवर k6 लिहिलं होतं. का, तर कॉलेजात फिटचा तक्ता पाठ केला होता आणि त्यात H7/k6 पुढे ‘लाकडी हातोडीने हलके ठोकून बसते’ असं होतं. मी फिटरकाकांनाही तसंच सांगितलं. दुपारी ते बेअरिंग घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “साहेब, हे हलकं ठोकून बसणारं नाही. शाफ्ट मोठा झालाय.” शाफ्ट मोजला. तो टॉलरन्समध्ये होता. बेअरिंगही ठीक होतं. चुकलं होतं ते माझं गृहीतक. बेअरिंगचा बोअर H7 नसतो, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. तोवर ते बेअरिंग बाहेरच्या रिंगवर ठोकून झालं होतं. मशीन सुरू केल्यावर त्याचा आवाज यायला लागला आणि आठवड्याभरात ते बदलावं लागलं.

हा लेख त्या एका दुपारीसाठी आहे. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो: बेल्टवर चालणारा ब्लोअर, ड्रायरमधली गरम हवा ओढणारा. भरीव स्टीलचा शाफ्ट, पुलीच्या बाजूला 6208 बेअरिंग, त्यावर रेडिअल भार सुमारे ३००० न्यूटन. या बेअरिंगच्या सीटचा व्यास आणि शोल्डरची उंची आपल्याला ठरवायची आहे.

आधी हे जवळ घ्या

बेअरिंग कंपनीचा कॅटलॉग (त्या बेअरिंगचं पान आणि मागची टॉलरन्सची पानं, दोन्ही), आयएसओ २८६ चा शाफ्ट टॉलरन्सचा तक्ता, आणि पुढे मोजणीसाठी २५ ते ५० मिमीचा एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर, त्याचा सेटिंग रॉड, डायल इंडिकेटर आणि रेडियस गेज. कॅल्क्युलेटर साधा चालतो, कारण इथे बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे फारसं काही नाही.

१. कॅटलॉगच्या पानावरून आकडे उतरवून घ्या

6208 च्या ओळीत हे सापडेल: बोअर d ४० मिमी, बाहेरचा व्यास D ८० मिमी, रुंदी B १८ मिमी, डायनॅमिक क्षमता C ३२.५ किलोन्यूटनच्या आसपास (कंपनीप्रमाणे थोडी वेगळी). हे सगळेच जण उतरवतात. नवखे सोडतात ते उजवीकडचे छोट्या अक्षरांतले रकाने, आणि आपलं अर्धं काम तिथेच आहे:

- r min = १.१ मिमी. बेअरिंगच्या कोपऱ्याचा चॅम्फर कमीत कमी एवढा.
- d1 = सुमारे ५२.६ मिमी. आतल्या रिंगच्या खांद्याचा बाहेरचा व्यास.
- da min = ४७ मिमी. शाफ्टच्या शोल्डरचा कमीत कमी व्यास.
- ra max = १ मिमी. शाफ्टच्या कोपऱ्यातल्या फिलेटची जास्तीत जास्त त्रिज्या.

बोअरचा टॉलरन्स या पानावर नसतो. तो मागे, अचूकतेच्या वर्गांच्या तक्त्यात असतो. साध्या वर्गाच्या बेअरिंगला ३० ते ५० मिमी बोअरसाठी तो शून्य ते उणे १२ मायक्रॉन आहे. म्हणजे प्रत्यक्ष बोअर ३९.९८८ ते ४०.००० च्या मध्ये असतो. हा आकडा ठळक लिहून ठेवा.

२. भार कोणत्या रिंगभोवती फिरतो ते ठरवा

फिट निवडताना ‘शाफ्ट फिरतो की हाउसिंग’ एवढंच विचारून भागत नाही. एका रिंगवरचा एक बिंदू डोळ्यांसमोर आणा आणि पाहा, त्या बिंदूवर भार सतत असतो की येऊन जातो.

आपल्या ब्लोअरमध्ये बेल्टची ओढ एकाच दिशेला आहे आणि शाफ्ट फिरतो आहे. त्यामुळे आतल्या रिंगचा प्रत्येक बिंदू एका फेरीत एकदा भाराखाली येतो आणि सुटतो. अशी रिंग शाफ्टवर जराही ढिली असली तर शाफ्टवर हळूहळू सरकत फिरायला लागते. कारण सोपं आहे: रिंगचा आतला घेर शाफ्टच्या घेरापेक्षा किंचित मोठा असतो, आणि प्रत्येक फेरीत तेवढा फरक मागे पडत जातो. किल्ली लावून किंवा नट आवळून हे सरकणं थांबत नाही, ते फक्त इंटरफेरन्सने थांबतं. म्हणून इथे आतली रिंग घट्ट हवी. बाहेरच्या रिंगवर भार एकाच जागी आहे, ती हाउसिंगमध्ये सैल चालते. H7 पुरतो, त्यात आज शिरत नाही.

याच्या उलट उदाहरण ट्रॉलीच्या चाकाचं. शाफ्ट स्थिर, चाक फिरतं, भार शाफ्टच्या खालच्या बाजूलाच. तिथे आतली रिंग g6 किंवा h6 वर सैल बसते आणि बाहेरची घट्ट. एका कामाचं ड्रॉइंग पाहून दुसऱ्या कामाचा फिट उचलू नका, असं म्हणतो ते यासाठीच.

एक खूण लक्षात ठेवा. बेअरिंग काढल्यावर सीटवर आरशासारखी चकाकी किंवा लालसर-तपकिरी बारीक भुकटी दिसली, तर रिंग सरकत होती. टर्नरला दोष देण्याआधी ड्रॉइंगवरचं फिट बघा.

३. भाराचं प्रमाण काढून फिटचा वर्ग निवडा

भार भागिले क्षमता: ३००० ÷ ३२,५०० म्हणजे जवळपास ०.०९. क्षमतेच्या पाच-सहा टक्क्यांपर्यंत हलका भार धरतात, आपला त्याच्या वर आहे. म्हणजे ‘साधारण ते जड’ या ओळीत.

बॉल बेअरिंगसाठी कॅटलॉगची शिफारस, आतली रिंग भाराखाली फिरत असताना आणि बोअर साधारण १७ ते १०० मिमी असताना, अशी असते: हलक्या भाराला j6, साधारण आणि जड भाराला k5. पुष्कळ कॅटलॉगांत k5 च्या जागी k6 चालतो असंही दिलेलं असतं, पण बेअरिंगचा आतला क्लिअरन्स पाहून. ही अट वाचायची राहून जाते. आपण ती पाचव्या पायरीत तपासू.

४. बोअर आणि शाफ्ट समोरासमोर मांडा

ही पायरी वगळू नका. लेखाचा जीव इथे आहे.

४० मिमीच्या शाफ्टसाठी आयएसओ २८६ चे आकडे मायक्रॉनमध्ये असे:

- h6: ० ते −१६
- j6: +११ ते −५
- k5: +१३ ते +२
- k6: +१८ ते +२
- m6: +२५ ते +९

आता दोन वजाबाक्या. सगळ्यात मोठ्या शाफ्टवर सगळ्यात लहान बोअर घातला तर इंटरफेरन्स जास्तीत जास्त. सगळ्यात लहान शाफ्टवर सगळ्यात मोठा बोअर घातला तर कमीत कमी.

k6 घेतला तर:
जास्तीत जास्त = १८ − (−१२) = ३० मायक्रॉन
कमीत कमी = २ − ० = २ मायक्रॉन

दोन्ही टोकांना रिंग घट्टच. ढिली कधीच नाही. आता हाच k6 शाफ्ट ४० H7 च्या भोकात घाला, म्हणजे पुलीत किंवा गिअरमध्ये. H7 म्हणजे ० ते +२५. तिथे जास्तीत जास्त इंटरफेरन्स १८ आणि दुसऱ्या टोकाला २३ मायक्रॉनची ढिलाई. म्हणून पाठ्यपुस्तकातला H7/k6 ‘हलके ठोकून’ बसतो. अक्षर तेच, शाफ्ट तोच, पण समोरचं भोक शून्य रेषेच्या वर नसून खाली आहे. बेअरिंगच्या बोअरचा टॉलरन्स मुद्दाम उणे बाजूला ठेवलेला असतो, म्हणजे नेहमीच्या शाफ्ट टॉलरन्सनेच घट्ट फिट मिळतं. माझी ती दुपार या एका वाक्यात होती.

म्हणून बेअरिंगच्या सीटसाठी H7 च्या फिटचा तक्ता बाजूला ठेवा आणि दर वेळी ही दोन ओळींची वजाबाकी करा. तोंडी होते.

j6 चं काय? जास्तीत जास्त ११ + १२ = २३ घट्ट, आणि दुसऱ्या टोकाला −५ म्हणजे ५ मायक्रॉन ढिली. बहुतेक शाफ्टांवर रिंग घट्ट बसेल, एखाद्यावर नाही. हलक्या भाराला ते चालून जातं. आपल्या ब्लोअरला नाही. h6 तर याहून खाली: शाफ्टच्या टॉलरन्सचा मोठा भाग ढिलाईतच जातो. तरीही ‘h6 म्हणजे छान सरकतं फिट’ म्हणून बेअरिंगखाली h6 लिहिलेली ड्रॉइंगं मी आजही बघतो.

m6 मध्ये ९ ते ३७ मायक्रॉन. एवढ्या भाराला त्याची गरज नाही, आणि बेअरिंगच्या आतली जागा तो खाऊन टाकेल. ती कशी, ते पुढे.

५. आतल्या क्लिअरन्सवर काय परिणाम होतो ते पाहा

घट्ट शाफ्टवर चढवलेली रिंग फुगते. बोअर जितका फुगतो त्याच्या साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के आतल्या रिंगची धाव, म्हणजे गोळ्यांची वाट, फुगते. आणि गोळे व रिंगांमधली मोकळी जागा, म्हणजे क्लिअरन्स, तेवढी कमी होते.

6208 च्या साध्या क्लिअरन्सचं माप ६ ते २० मायक्रॉन, C3 या जास्त क्लिअरन्सच्या प्रकाराचं १५ ते ३३. मधले आकडे १३ आणि २४ धरू.

k6 चा मधला इंटरफेरन्स: शाफ्टचा मध्य +१०, बोअरचा मध्य −६, म्हणजे १६ मायक्रॉन. ग्राइंड केलेल्या पृष्ठभागाची टोकं थोडी चेपली जातात, म्हणून कामाला येतात १५. त्यातले सुमारे १२ मायक्रॉन धावेपर्यंत पोचतात. साध्या क्लिअरन्सच्या बेअरिंगमध्ये उरला १३ − १२ = १ मायक्रॉन.

आता गरम हवेचा हिशोब. पंख्याकडून उष्णता शाफ्टमधून येते, हाउसिंग बाहेरच्या हवेत थंड राहतं. आतली रिंग बाहेरचीपेक्षा १० अंशांनी जास्त गरम झाली असं धरा. बेअरिंगचा मध्य व्यास ६० मिमी, स्टीलचं प्रसरण दर अंशाला दर मिलिमीटरमागे ०.००००१२ मिमी. गुणाकार केला की ७ मायक्रॉन. उरलेल्या एका मायक्रॉनमधून सात कसे वजा करणार? गोळे दोन्ही रिंगांमध्ये चेपले जातात, त्याने आणखी उष्णता होते, आणि त्या उष्णतेने आतली रिंग आणखी फुगते. नवं बेअरिंग पहिल्या तासात हात लावता येणार नाही इतकं तापलं आणि ग्रीस ठीक असलं, तर पहिला संशय इथे घ्या.

C3 घेतलं तर २४ − १२ − ७ = ५ मायक्रॉन उरतात. बेअरिंग मोकळं चालेल.

k5 घेतला असता तर मधला इंटरफेरन्स साडेतेरा, धावेपर्यंत सुमारे १०. साध्या क्लिअरन्समध्ये ३ मायक्रॉन उरले असते. थंड चालणाऱ्या मशीनला हे बरं उत्तर आहे. पण k5 चा टॉलरन्स ११ मायक्रॉन आणि k6 चा १६, आणि छोट्या ग्राइंडिंग शॉपमध्ये हे पाच मायक्रॉन रोज पाळणं सोपं नसतं. आपल्या गरम ब्लोअरला मी k6 आणि C3 घेतो. C3 दुकानात सहज मिळतं, आणि टॉलरन्सही कारागिराला झेपणारा राहतो.

ऑर्डर देताना मात्र पूर्ण नंबर लिहा: 6208/C3. नुसतं 6208 लिहिलंत तर साधं येईल, आणि दोन वर्षांनी मेंटेनन्सवाला साधंच बदलेल. म्हणून ड्रॉइंगच्या भागांच्या यादीतही C3 हवं.

६. शोल्डरची उंची आणि कोपरा

सीटपेक्षा शोल्डर सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्यात जास्त चुका होतात. नवखा माणूस ४० नंतरची पायरी ४५ देतो, कारण ४५ चा बार सोयीचा असतो. कोपऱ्यावर सवयीने १ मिमीचा ४५ अंशांचा चॅम्फर. चित्र छान दिसतं. आता त्यात बेअरिंग कुठे टेकतं ते मोजू.

बेअरिंगच्या कोपऱ्याला चॅम्फर आहे. कमीत कमी १.१, पण मानकाप्रमाणे या आकारात तो त्रिज्येच्या दिशेने २ मिमीपर्यंत असू शकतो. म्हणजे रिंगचा सपाट चेहरा वाईट परिस्थितीत ४० + २ + २ = ४४ मिमी व्यासापासून सुरू होतो. तुमच्या शोल्डरचा सपाट चेहरा चॅम्फर वजा जाता ४५ − १ − १ = ४३ ला संपतो. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना भेटतच नाहीत. रिंग शोल्डरच्या चॅम्फरच्या धारेवर टेकते, वाकडी बसते आणि भाराखाली ती धार दबत जाते. नट आवळलेला असला तरी काही दिवसांनी तो ढिला सापडतो.

कॅटलॉगचा ४७ याच कारणाने आहे. ४७ च्या शोल्डरला अर्धा मिमीचा छोटा चॅम्फर दिला तर सपाट चेहरा ४६ पर्यंत, टेकण ४४ ते ४६, म्हणजे एका बाजूला १ मिमीची पट्टी. चालतं, पण काठावर. मी ४८ घेतो. मग सपाट चेहरा ४७ पर्यंत आणि पट्टी दीड मिमीची.

मग ५५ का नको? जास्त टेकण, जास्त चांगलं, असं वाटतं. पण एक दिवस हे बेअरिंग काढायचं आहे. आतल्या रिंगचा बाहेरचा व्यास ५२.६. शोल्डर ४८ असेल तर रिंगची सव्वादोन मिमीची कड शोल्डरच्या बाहेर राहते आणि पुलरचे पाय तिच्या मागे अडकतात. शोल्डर ५५ असेल तर आतली रिंग पूर्ण झाकली जाते. फिटरकडे बाहेरची रिंग ओढण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि ती सगळी ओढ गोळ्यांमधून जाते. धावेवर गोळ्यांच्या अंतरावर बारीक खळगे पडतात. असं बेअरिंग पुन्हा लावायचं नाही, कितीही नवं असलं तरी. शिवाय सील किंवा शील्ड असलेल्या बेअरिंगमध्ये उंच शोल्डर सीललाच घासतो. म्हणून अशा बेअरिंगच्या पानावर da max सुद्धा दिलेला असतो, तो पाहा.

शाफ्टच्या इतर गरजेने शोल्डर मोठाच ठेवावा लागत असेल तर त्यात समोरासमोर दोन खाचा ठेवा, पुलरचे पाय शिरतील एवढ्या.

आता कोपरा. फिलेटची त्रिज्या बेअरिंगच्या चॅम्फरपेक्षा लहान हवी. म्हणून r min १.१ आणि ra max १. ड्रॉइंगवर मी ‘R ०.८, कमाल १.०’ असं लिहितो. नुसतं R१ लिहिलं की त्याचा अर्थ ‘एकाच्या आसपास’ असा घेतला जातो. ग्राइंडिंग व्हीलचा कोपरा झिजत जातो, पाचव्या-सहाव्या शाफ्टला त्रिज्या दीड झालेली असते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण व्यास बरोबर असतो. मग बेअरिंगचा चॅम्फर फिलेटवर चढून थांबतो आणि शोल्डरपर्यंत पोचतच नाही. प्रत्येक लॉटच्या पहिल्या आणि शेवटच्या शाफ्टला रेडियस गेज लावायला सांगा.

व्हीलला कोपऱ्यात जागाच हवी असेल तर अंडरकट द्या. डीआयएन ५०९ मधला एफ प्रकार सीट आणि शोल्डर दोन्ही ग्राइंड करायचे असतील तेव्हा वापरतात. पण अंडरकट म्हणजे शाफ्टवर एक खाच, आणि पुलीजवळच्या या जागी वाकण्याचा ताण भरपूर असतो. शाफ्टची मजबुती आधीच काठावर असेल तर अंडरकट टाळा. उलट फिलेट मोठा ठेवा, दोन-तीन मिमीचा, आणि शोल्डर व बेअरिंग यांच्यामध्ये आतून चॅम्फर दिलेली स्पेसर रिंग घाला. रिंगच्या दोन्ही बाजू समांतर ग्राइंड केलेल्या हव्यात.

७. ड्रॉइंगवर काय लिहायचं

सीटवर Ø४० k6 लिहा आणि शेजारी मर्यादाही लिहा: ४०.०१८ / ४०.००२. अक्षराचा तक्ता प्रत्येक मशीनजवळ टांगलेला नसतो. आकडा लिहिलेला असला की चुकीला जागा राहत नाही.

पृष्ठभाग Ra ०.८. सीटचा सिलिंड्रिसिटी टॉलरन्स ५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे त्या आकाराच्या आयटी ५ (११ मायक्रॉन) चा अर्धा. शोल्डरच्या चेहऱ्याचा अक्षाशी रनआउट ०.०१. शेवटच्या आकड्यासाठी एक सूचना ड्रॉइंगवरच द्या: सीट आणि शोल्डरचा चेहरा एकाच सेटिंगमध्ये पुरा करावा. शाफ्ट उलटून दुसऱ्यांदा पकडला की ०.०१ गेला.

सीटच्या सुरुवातीला, जिथून बेअरिंग चढतं तिथे, १० ते १५ अंशांचा लांबट लीड चॅम्फर द्या. ४५ अंशांच्या धारेवर बेअरिंग तिरकं अडकतं. आणि सीटच्या आधीचा शाफ्टचा भाग ३९.९ किंवा त्याहून लहान ठेवा. नाहीतर बेअरिंगला पूर्ण लांबीभर घट्ट जागेतून ओढत आणावं लागतं आणि सीटला पोचेपर्यंत बोअर खरवडलेला असतो.

८. मोजताना

ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला शाफ्ट मोजू नका. शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ४० मिमीवर ९-१० मायक्रॉन जास्त दाखवतो. कारागीर ४०.०१० वाचून समाधानाने उतरवतो, आणि संध्याकाळी तोच शाफ्ट ४०.००१ भरतो, म्हणजे k6 च्या खाली. उन्हाळ्यात शॉपमध्ये ३८ अंश असलं तरी फारसं बिघडत नाही, अट एकच: शाफ्ट, मायक्रोमीटर आणि सेटिंग रॉड तिन्ही एकाच तापमानाला आलेले असावेत. मी तिन्ही एका लोखंडी टेबलावर तासभर शेजारी ठेवायला सांगतो आणि मगच शून्य तपासून मोजतो.

सीट दोन जागी, रुंदीच्या दोन्ही टोकांजवळ, आणि प्रत्येक जागी दोन-तीन दिशांना मोजा. एकच माप घेतलं तर टेपर आणि लंबगोल दोन्ही निसटतात. बेअरिंगचा बोअर सहसा मोजत बसू नका. पातळ रिंग दाबाखाली अंडाकृती होते आणि मिळालेला आकडा दिशाभूल करतो. त्याच्यासाठी ३९.९८८ ते ४०.००० हे तक्त्यावरून धरा.

९. बसवून तपासा

३० मायक्रॉनपर्यंतच्या इंटरफेरन्सला बेअरिंग गरम करूनच चढवा. ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापवलं तर ४० चा बोअर सुमारे ३८ मायक्रॉन फुगतो. सगळ्यात घट्ट जोडीसाठीही ८ मायक्रॉन मोकळे राहतात, पण ते हातात घेईपर्यंत भराभर कमी होतात, म्हणून आधी सगळं मांडून ठेवा. १२० च्या वर नेऊ नका, ज्योत लावू नका. सील आणि ग्रीस असलेल्या बेअरिंगला कंपनीने दिलेली मर्यादा यापेक्षा कमी असते, तिथे प्रेसवर, आतल्या रिंगला टेकणारा पाइप लावून बसवा.

बेअरिंग शोल्डरला टेकलं की लगेच हात सोडू नका. थंड होताना रिंग रुंदीतही आखडते आणि शोल्डरपासून किंचित मागे सरकते. शाफ्ट धरेपर्यंत ती दाबून धरा किंवा नट लावून ठेवा.

मग दिवे थोडे मंद करा, शोल्डरच्या मागून टॉर्च धरा आणि रिंग व शोल्डरच्या सांध्यात बघा. कुठेच उजेड दिसला नाही तर बेअरिंग नीट टेकलंय. सगळीकडून सारखी रेघ दिसली तर फिलेट मोठा आहे किंवा रिंग थंड होताना मागे सरकली आहे. अर्ध्या बाजूला उजेड आणि अर्ध्या बाजूला नाही, तर शोल्डरचा चेहरा वाकडा आहे किंवा मध्ये कचरा अडकलाय. या तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि हाउसिंगचं झाकण लावल्यावर ती करता येत नाही.